नऊ नंबरच्या जिनावरची तारीख

जानेवारीतला सोमवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गुलाब ढगे चार नंबरच्या जिनासमोर उकिडवे बसले होते. जिन म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. सिंदी रेल्वे गावाच्या सेलू रस्त्यावर मोतीलाल सेठची जिनिंग आहे, तिथे अशी चोवीस जिनं दोन ओळींत उभी आहेत. पाळी सातला सुरू होते. त्याआधी सहा जिनांच्या पात्यांचं रोलरपासूनचं अंतर तपासायचं, हे गेले आठ आठवडे गुलाबरावांचं काम होतं. त्या आठ आठवड्यांचा आज शेवटचा हिशोब होता. अकरा वाजता ऑफिसात बोलावलं होतं.

वय अठ्ठावन्न. सडपातळ, उजव्या हाताची करंगळी थोडी वाकडी. स्टेशनाजवळच्या जुन्या जिनिंगमध्ये ते सतराव्या वर्षी लागले आणि ती बंद पडली त्या दिवशी शेवटचे बाहेर पडले. त्या जिनिंगचा भोंगा पहाटे साडेपाचला वाजायचा आणि केळझरच्या रस्त्यावरच्या शेतांतही ऐकू जायचा, असं जुनी माणसं सांगतात. आता त्या जागी लग्नाचा लॉन आहे. त्याच्या मागच्या भिंतीला एका जुन्या रोलरचा लोखंडी दांडा टेकून ठेवलेला आहे. सजावटवाले त्याला दोरी बांधतात. गुलाबराव त्या बाजूने जातात तेव्हा दांड्याकडे बघतात, पण थांबत नाहीत.

काम त्यांना प्रभाकररावांनी शिकवलं. प्रभाकरराव जुन्या जिनिंगचे मुख्य फिटर. चामड्याच्या रोलरवर आडव्या-तिरप्या खाचा असतात. कापसाचे तंतू त्या खाचांत धरले जातात, पात्याखालून ओढले जातात, आणि सरकी अलीकडेच राहून खाली पडते. खाचा बोथट झाल्या की तंतू निसटतात आणि रुई कमी निघते. पातं जास्त दाबलं तर रोलर तापतो आणि झिजतो. ढिलं सोडलं तर सरकी फुटून रुईत येते. मोजमापाची पट्टी होती, पण प्रभाकरराव आधी कान लावायचे. "पट्टी मागून लावजो, पयले ऐक," म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. ज्या जिनाला हात लावला त्याच्या डाव्या बाजूला खडूने तारीख टाकायची. पातं तुटलं तर कोणी बसवलं होतं ते कळावं, एवढंच कारण. शर्टाच्या खिशात विडी नसली तर चालायचं, खडू नसला तर प्रभाकरराव घरी पाठवायचे. गुलाबरावांच्या खिशात अजून खडू असतो. त्यांची बायको छाया धुण्याआधी तो काढून खिडकीत ठेवते.

जुनी जिनिंग बंद झाल्यावर वीस वर्षं ते बोलावतील तिथे जायचे. कोणी शंभर द्यायचं, कोणी पुढच्या फेरीला. कुठे चहावरच भागायचं. मोतीलाल सेठकडे नागपूरहून एक माणूस येई. तो दर फेरीला वेगळं बिल लावी आणि हंगामाच्या ऐन गर्दीत फोन उचलत नसे. दिवाळीनंतर सेठची सून प्रेरणा हिने गुलाबरावांना विचारलं, तुम्ही सहा जिनं सांभाळून दाखवता का? ऑफिस तीच बघते. ठरलं ते असं: एक ते सहा नंबर गुलाबरावांकडे, आठ आठवड्यांचे चोवीस हजार. सात ते बारा नेहमीप्रमाणे जिनिंगच्याच मिस्त्रीकडे, मागची ओळही त्याच्याकडेच. दर शनिवारी या बारांतल्या प्रत्येक जिनाची दहा मिनिटांची रुई वेगळी काढून वजन करायची आणि फरक बघायचा. सुरुवातीला सगळ्या बारांची सरासरी तासाला बेचाळीस किलो होती.

अकरा वाजता गुलाबराव ऑफिसात शिरले तेव्हा त्यांच्या हातात छायाने वहीच्या रेघी कागदावर लिहिलेलं पान होतं. ती पूर्वी बचत गटाचे कागद लिहायची, म्हणून अक्षर सुटसुटीत. पुढच्या कराराची मागणी होती: चोवीसही जिनं, महिन्याला प्रत्येक जिनाचे सोळाशे. त्यात आठवड्याला पात्याचं अंतर, पंधरा दिवसांनी रोलरच्या खाचा, गरज पडली तर रात्रीच्या पाळीत येणं, आणि त्यांच्यासोबत एका जोडीदाराची मजुरी. सामान जिनिंगचं. महिन्याच्या सात तारखेपर्यंत पैसे. सरासरी अठ्ठेचाळीसच्या खाली गेली तर त्या महिन्याचे दहा टक्के कमी. हंगाम संपल्यावर पूर्ण खोलून दुरुस्ती, तिचे जिनामागे अडीच हजार वेगळे. मुदत एक फेब्रुवारीपासून पुढच्या वर्षीच्या तीस एप्रिलपर्यंत. दोघांपैकी कोणालाही महिन्याच्या नोटिशीवर मोकळं होता येईल. हे पान मान्य झालं तर वीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या वर्षीचं काम यंदा ठरणार होतं. नाही झालं तर पुन्हा बोलावतील तिथे.

मोतीलाल सेठनी पान वाचलं नाही. प्रेरणाने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला होता.

"गुलाबकाका, तुमच्या सहाची सरासरी एक्कावन्नवर गेली," ती म्हणाली. "पण दुसऱ्या सहाचीही शेहेचाळीस झाली. त्यांना तर तुम्ही हात लावायचा नव्हता."

"मंग?" गुलाबराव म्हणाले.

"मग फरक नऊचा नाही, पाचचाच राहिला. यंदाचा कापूसच कोरडा असेल, चांगला असेल. बाबूजींचं म्हणणं तेच आहे."

सेठ खुर्चीत मागे रेलले. "माल अच्छा है गुलाब, म्हणून जिनं चालून राह्यली. तुझा गुण कमी नाही म्हणत मी. पण चोवीस जिनांचे सोळाशे?"

गुलाबराव उठले आणि म्हणाले, "ताई, जरा माह्यासंगं चला. सेठ, तुमी बी या."

ओळीत आवाज इतका होता की बोलायला कानाजवळ यावं लागे. नऊ नंबरवर कापूस सरकवणाऱ्या आनंदाबाईंनी तोंडावरचा रुमाल खाली केला. गुलाबरावांनी जिनाच्या डाव्या अंगावरची रुईची धूळ हाताने पुसली. खाली खडूने तारीख होती: अठ्ठावीस नोव्हेंबर. अकरा नंबरवर तीन डिसेंबर. बारावर पाच.

"हे तुम्ही बसवलं?" प्रेरणाने विचारलं.

"बाईनं आवाज देल्ला. ठोकून राह्यलं होतं."

"म्याच बोलावलं," आनंदाबाई म्हणाल्या. "मिस्त्री जेवाले गेलता. हे भाऊ बाजूनं जात होते. मी म्हटलं, पाहा जी भाऊ, हे नऊ नंबर सासूवानी करकर करून राह्यलं."

"काऊन हात लावला मग?" सेठ म्हणाले. "ठरलं होतं ना, बाकीच्याले हात नाही लावायचा."

"ठोकत होतं सेठ," गुलाबराव म्हणाले. याहून वेगळं कारण त्यांना सुचलं नाही.

प्रेरणा ऑफिसात परतली आणि शनिवारचे आकडे जिनांप्रमाणे वेगळे करून बसली. सात, आठ आणि दहा नंबर आठही आठवडे बेचाळीसच्या आसपास होते. नऊ, अकरा आणि बारा प्रत्येकी त्या त्या तारखेनंतरच्या शनिवारी वर गेले होते आणि पन्नासवर थांबले होते. कापूस सगळ्यांत एकच पडत होता.

"बाबूजी, माल नाही," ती म्हणाली. "हात आहे."

सेठनी आता पान उचललं आणि चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग हसले.

"गुलाब, तू सचमुच भोळा आहे. अरे, तू तर फुकटातच करतो! सहाचे पैसे घे पहिल्यासारखे, आणि येता-जाता बाकीच्याकडे पाहत जा. चहा माझ्याकडून."

प्रेरणाने मान खाली घातली. गुलाबरावांना राग आला नाही. गेली वीस वर्षं याच सौद्यावर गेली होती, फक्त तोंडावर कोणी इतकं उघड बोललं नव्हतं. ते पान मागायला हात पुढे करणार तेवढ्यात आतून टक्-टक् आवाज सुरू झाला. चौदा नंबर. मागची ओळ, मिस्त्रीच्या भागातली. पातं रोलरच्या जवळ घसरलं की असा आवाज येतो.

आनंदाबाई दारात आल्या. "भाऊ, चौदा."

गुलाबराव खुर्चीवरून अर्धे उठले आणि परत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बंद करा बाई ते जिन," ते म्हणाले. "पातं जाईन नाईतर. अन् मिस्त्रीले सांगा."

"मिस्त्री पुलगावकडे गेला. नाचणगावच्या बहिणीकडे."

"मंग उद्या येईन."

आनंदाबाईंनी सेठकडे पाहिलं, मग गुलाबरावांकडे. "अगोबाई, आज भाऊ बसले!" म्हणत त्या गेल्या. आवाज थांबला. चोवीसपैकी एक जिन बंद पडलं तरी एकूण कल्लोळ कमी झाल्यासारखा वाटत नाही. पण ऑफिसातल्या तिघांनाही तो कमी झालेला ऐकू आला. गुलाबरावांचा अंगठा शर्टाच्या खिशावरून खडूवर फिरत होता. कान तिकडेच होते.

"जा ना, पाहून ये," सेठ म्हणाले.

"सहा जिनं माह्याकडे आहेत सेठ. चौदा त्यातलं नाई." मग म्हणाले, "सेठ, जुन्या जिनिंगमध्ये मी सगळ्या जिनांचा होतो, म्हणून सगळ्याले हात लावत होतो. ते पगारात होतं. इथं मले कोणत्या जिनाचा, ते तुमी सांगा. चोवीसाचा म्हणा, तं चोवीसचं पाहीन. सहाचा म्हणा, तं सहाच. येता-जाता नाई जमत आता."

"रेट तर कमी कर."

"रेट नाई कमी करत. काम कमी करा पाह्यजे तं. रातच्या पाळीत येणं त्यात धरलं आहे, ते काढून टाका. सोळाशेचे पंधराशे होतील."

सेठनी सुनेकडे पाहिलं. प्रेरणाने हिशोब मांडला: चौदा नंबर उद्यापर्यंत बंद म्हणजे पाळीभराची रुई गेली. अशी पाळी वर्षातून किती वेळा जाते, ते तिच्याकडे लिहिलेलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं नाही, फक्त पडदा वळवला.

"रात्रीचं राहू दे," सेठ म्हणाले. "सोळाशेच. पण अठ्ठेचाळीस नाही, एकोणपन्नास."

"मिस्त्रीनं सामान वेळेवर देल्लं तं एकोणपन्नास," गुलाबराव म्हणाले. "तेही लिहा ताई."

प्रेरणाने तेही लिहिलं. सामान मागितल्यापासून दोन दिवसांत मिळालं नाही तर त्या जिनाचं वजन सरासरीत धरायचं नाही. मग तिने आपल्याकडून एक ओळ घातली: करारात नसलेल्या कामाला आधी दर ठरवायचा, नंतर हात लावायचा. ती ओळ वाचून गुलाबराव थोडे हसले. प्रभाकररावांना हे पटलं नसतं, असं ते म्हणाले. मग म्हणाले की प्रभाकरराव गेले तेव्हा त्यांच्या घरी पितळी डब्यात आठ खडू निघाले होते, बाकी काही फारसं निघालं नव्हतं.

सह्या दुपारी तीन वाजता झाल्या. करार एक फेब्रुवारीपासून लागू होतो. मधल्या दिवसांचं काय, असं प्रेरणाने विचारलं. गुलाबरावांनी आपल्या सहा जिनांसाठी जुनाच दर आणि चौदा नंबरच्या एका दिवसाचा वेगळा दर सांगितला. तो मान्य झाला, वेगळ्या कागदावर लिहिला, आणि मगच ते ओळीत गेले. आनंदाबाईंनी त्यांना येताना पाहून रुमाल खाली केला.

"झालं का जी भाऊ, मानपान?"

"झालं बाई."

"मंग आता पाहा त्या चौदाकडे, मले शेजारणीबिगर नाई करमत."

पातं बसवायला पन्नास मिनिटं लागली. जिन सुरू झालं तेव्हा ते कान लावून उभे राहिले, मग मोजपट्टी लावली, मग डाव्या अंगावर तारीख टाकली. तीन ओळी आडव्या, जुन्या पद्धतीने: दिवस, महिना, गु. ढ.

फाटकाजवळच्या फळ्यावर प्रेरणाने उद्याचं लिहून ठेवलं आहे. मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं: पाच नंबर, रोलरच्या खाचा. जिन आठपर्यंत बंद.