चौदा दिवसांचा कोर्स

बाबांनी नोकरीभर लोकांना गोळ्या गिळायला लावल्या. सायकलला काचपट्ट्यांचा डबा बांधून ते आलापल्लीच्या पलीकडच्या गावांत फिरत, तापाच्या माणसाच्या बोटाला सुई टोचत आणि हिवताप निघाला की समोर उभं राहून औषध देत. चौदाव्या दिवशी पुन्हा जाऊन रिकामं पाकीट बघत. ताप उतरला म्हणून गोळी सोडणारा माणूस त्यांच्या लेखी महामूर्ख होता.

ते निवृत्त झाले तेव्हा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी शाल-नारळ देऊन बराच वेळ भाषण केलं. या गावांतून मरण हद्दपार झालं, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. त्याच पावसाळ्यात गावचा कोतवाल एका अंगाने लुळा पडून गेला होता. शाळेच्या शिपायाचा पाय साखरेने सडला होता. दोघांनाही कधी ताप नव्हता, म्हणून त्यांच्या घरी कोणी तपासायला गेलं नव्हतं. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

पुढच्या वर्षी उपकेंद्रातल्या नव्या नर्सबाईने बाबांच्या दंडाला पट्टा बांधला. मी वडशाहून सुट्टीवर आले होते. तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते.

"भाऊ, बीपी लई हाये. ही गोळी रोज घ्या लागन."

"मी जनमभर सायकल चालवली, मले कायचा बीपी? तो पैसेवाल्याइचा रोग." मग गोळ्या हातात घेत म्हणाले, "किती दिवसाचा कोर्स हाये?"

"कोर्स नाई भाऊ. जिंदगीभर."

"मंग हे औषध कायचं? हे तं जेवण झालं!"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले.

बाबांनी गोळी शिस्तीत घेतली. सकाळी त्याच वेळी, दिनदर्शिकेवर खूण करून, चौदा दिवस. पंधराव्या दिवशी बंद. काही दुखत नव्हतं, कोर्स पुरा झाला होता. पुढच्या खेपेला फळीवर एक अख्खी आणि एक अर्धी पट्टी पडलेली मी पाहिली. हा रोग दुखत नाही आणि संपतही नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण औषधातलं त्यांना जास्त कळतं, असं म्हणून मी गप्प बसले. माझ्या वाचनाची किंमत तेवढीच.

भाद्रपदात मी घरी असतानाच एका सकाळी आंघोळ करून येताना ते अंगणात पडले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, शब्द एकमेकांत अडकले. शेजारी जमले.

"मस्तकात मलेरिया चढला," एकजण म्हणाला.

बाबांनीच शिकवलेला आरोग्यसेवक तपासणीची किट घेऊन धावत आला. बोट टोचलं, थेंब टाकला, आणि आम्ही सगळे त्या इवल्याशा पट्टीकडे डोळे लावून बसलो. पाव तासाने एकच रेघ उमटली.

"मलेरिया नाई!" तो ओरडला. "घाबरू नोका बाई, निगेटिव्ह हाये. कमजोरीनं चक्कर आली असन."

कोणीतरी चहा ठेवला. बाबांनी चांगला हात पुढे करून किट मागितली आणि उजेडाकडे धरून स्वतः पाहिली. मग डोळे मिटले. मलाही हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. दंडाला पट्टा बांधायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही. सलाईन लावून वाट पाहण्यात दुपार झाली. तोवर त्यांचा उजवा पाय हलेनासा झाला, तेव्हा गाडी बोलावली.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय करत होता?"

"मलेरिया तपासला," मी म्हणाले.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. काही दिवसांनी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बाबा घरीच वारले.

तिसऱ्या दिवशी तेच साहेब सांत्वनाला आले. बरोबर गावच्या मृत्यूंची नोंद घेणारा कर्मचारी होता.

"मलेरियानं नाही ना गेले?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही."

"बरं झालं. नाहीतर मोठी चौकशी लागली असती. वरून माणसं आली असती."

कर्मचाऱ्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं, म्हातारपण. बाबा एकसष्ट वर्षांचे होते. मी त्याच्या हातातून पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि लिहिलं: उच्च रक्तदाब, औषध चौदा दिवसांनी बंद केलं, मेंदूत रक्तस्राव.

"आता लिहून काय होते, बाई?" साहेब म्हणाले.

मी त्यांच्या दंडाकडे बघत विचारलं, "तुम्ही कधी मोजलं?"

साहेब हसले आणि म्हणाले, "मले काय झालं?"