गाय विकण्यात आली

बी.ए. झाल्यावर समाजकार्याच्या कॉलेजला अर्ज करायचा होता. सोबत स्वतःविषयीचं एक पानी निवेदन हवं होतं आणि मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते त्याच्यावरून ठरणार होतं. घरात बोलणं झालंच होतं: यंदा बोलावणं आलं तर शिकायचं, नाहीतर लग्नाचं बघायचं. म्हणजे त्या एका पानावर माझं सगळं टांगलेलं होतं.

पहिला खर्डा मी झोकात लिहिला. मी खेड्यात वाढले. मी बी.ए. केले. मी वाचनालय चालवले. मी दुष्काळ पाहिला. पान भरलं तसं मराठीच्या मॅडमकडे नेलं. त्यांनी मलाच ते मोठ्यानं वाचायला लावलं. अर्ध्यावरच माझं मला हसू आलं. सगळी वाक्यं एकाच मापाची, आणि दर वाक्याच्या तोंडाशी 'मी' उभा, टँकरपुढे हंडे लावावेत तसा. मॅडम एवढंच म्हणाल्या की वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच डुलकी लागेल, हे 'मी' कमी कर.

घरी बाबांना सांगितलं. बाबा गावच्या दूध संस्थेचे सचिव. सभेचा वृत्तान्त लिहावा तो त्यांनीच, असं पंचक्रोशीत बोललं जायचं आणि ते ऐकून बाबांची मान नको तितकी ताठ व्हायची. त्यांनी चष्मा लावला, खर्डा ओढून घेतला.

"लई मी-मी करतीस," म्हणाले. "आन इकडं."

तासाभरात एकही 'मी' उरला नाही. वाचनालय चालविण्यात आले. महिलांची बैठक घेण्यात आली. चारा छावणीत काम करण्यात आले. आमची गाय विकण्यात आली. खाली 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं तेवढं राहिलं होतं. मला मात्र ते फार भारदस्त वाटलं. बाबांवर माझा जीव, शिवाय सरकारी कागद असाच असतो हे लहानपणापासून बघत आलेले. मोठ्या ऐटीत मॅडमना दाखवलं.

मॅडमनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं असं, की आधी वाक्यं 'मी'नं सुरू व्हायची, आता सगळी 'आले'-'आली'वर संपतात. ठेका तोच राहिला आणि वर माणूसही नाहीसा झाला. वाक्य कधी जागेपासून सुरू कर, कधी वेळेपासून, कधी दुसऱ्या माणसापासून. 'केलं', 'गेले' एवढ्यावरही कळतं कुणी ते, तिथं 'मी' लागतच नाही. चार गोष्टी एकामागून एक घडल्या असतील तिथं वाक्य लांबू दे. जिथं वाचणाऱ्यानं थांबावं असं वाटतं तिथं आखूड कर. आणि 'मी'ला घाबरू नकोस.

"ही गाय," त्यांनी बोट ठेवलं, "कुणी विकली?"

घरी येऊन ओसरीवर बसले आणि तेवढा भाग पुन्हा लिहिला:

'त्या उन्हाळ्यात दिंद्रुडच्या रस्त्यानं येणारा टँकर आला तर आला, छावणीतला कडबा संपत आलेला, आणि बाबा रोज सकाळी गायीच्या बरगड्यांवरून हात फिरवून संस्थेत जायचे. शेवटी त्यांनी गाय विकली. दावं मी सोडलं.'

बाकीचं पान मग आपोआप सुधारत गेलं. वाचनालयाची सुरुवात आता गळक्या पत्र्यापासून झाली आणि बैठकीची एका भांडखोर काकूपासून. खोडलेले तीन-चार 'मी' पुन्हा आत आले, पण वाक्याच्या मधे कुठंतरी, गर्दीत बसल्यासारखे.

पक्का कागद बाबांना द्यायला भीती वाटत होती. त्यांची सगळी मेहनत मोडून टाकली होती ना. त्यांनी सावकाश वाचलं, गायीपाशी थांबले, पुन्हा वाचलं. रागावतील असं वाटलं. पण त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकून आले.

महिन्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा सोबत निघाले. माजलगावच्या स्टँडवर एसटीची वाट बघत दोघं बाकावर बसलो होतो. आत काय विचारतील, कसं बोलायचं, असं माझं चाललं होतं. बाबांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

"गाय नेली त्या दिवशी संस्थेत काईच काम नव्हतं," ते म्हणाले. "मीच जाऊन बसलतो. मला न्हाई सुटलं असतं ते दावं."

मी त्यांचा हात धरला. गाडी लागली तरी दोघंही उठलो नाही.