बा आणि पा यांच्यामधली पायरी

ताईंना नवीचा आलेख बघवत नव्हता. नवी म्हणजे ध्वनिप्रयोगशाळेत चार महिन्यांपूर्वी आलेली पोरगी. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी तिचा आलेख स्वतःच्या दारावर चिकटवला होता. डावीकडे सपाट, उजवीकडे सपाट आणि मध्ये कडा, सरळ खाली उतरलेला. ताई दिवसातून दहादा तिथून जात आणि दर वेळी मान वळवून घेत.

तशाच चाचणीचा त्यांचा स्वतःचा आलेख कपाटात होता. तो असा कडा नव्हता, टेकडीचा उतार होता.

कानांच्या दवाखान्याला लहान मुलांसाठी एक चाचणी हवी होती. मुलाला 'बा' आणि 'पा' वेगळे ऐकू येतात का, ते तपासणारी. ती कोणाच्या हाती द्यायची, हे सर शुक्रवारी सांगणार होते. ताईंचं अर्धं आयुष्य या प्रयोगशाळेत गेलं होतं. चाचणी त्यांना हवी होती, तहानलेल्याला पाणी हवं असतं तशी.

"चार महिन्यांत असा कडा येतो कुठून?" रात्रीच्या जेवणाला त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घासूनपुसून काढलाय तो."

"मग सांग ना सरांना."

"पुरावा नको?"

"तुला पुरावा नको आहे, तुला ती पोरगी नको आहे," नवरोबा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

गुरुवारी नवी जेवायला गेली तेव्हा ताई ऐकण्याच्या खोलीत शिरल्या. जाड भिंती, एक खुर्ची, हेडफोन आणि दोन बटणं. नवीची चाचणी त्यांनी स्वतःवरच घेतली.

संगणकाने घडवलेले नऊ आवाज होते. पहिल्यात ओठ उघडण्याआधी गळ्यातली गुणगुण लांब चाले. पुढच्या प्रत्येक आवाजात ती सारख्याच मापाने तोकडी होत जाई, आणि शेवटच्यात ती नसेच. आवाज उलटसुलट क्रमाने, पुन्हापुन्हा येत होते. प्रत्येकाला एकच उत्तर: बा की पा.

ताईंनी ठरवलं होतं, आपले कान कसलेले आहेत, मधल्या छटा आपण पकडूच. पण छटा आल्याच नाहीत. बा, बा, पा, बा, पा. जो आवाज आला तो पूर्ण बा तरी होता, नाहीतर पूर्ण पा. मधल्या एका पायरीवर त्यांचं बोट कधी इकडे गेलं, कधी तिकडे, पण तीसुद्धा दर वेळी ठाम वाटली. संपल्यावर त्यांनी पहिला आणि दुसरा आवाज लागोपाठ वाजवले. पडद्यावर गुणगुणीची लांबी वेगळी दिसत होती. कानाला दोन्ही एकच.

पडद्यावर त्यांच्या 'बा' उत्तरांचा आलेख उमटला: त्यांचा स्वतःचा कडा, सरळसोट.

मग त्यांचं लक्ष गेलं ते 'आ'च्या शेवटाकडे. तिथे सूर थोडा खाली घसरत होता. तो त्यांनीच घसरवला होता, काही वर्षांपूर्वी, नाहीतर प्रत्येक आवाज प्रश्न विचारल्यासारखा वाटायचा. हे त्यांनीच घडवलेले आवाज होते!

"चोरटी," त्या बंद खोलीत म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

शुक्रवारी सरांच्या खोलीत त्यांनी थेट तोफ डागली. "सर, हिने माझे आवाज उचललेत."

नवीने वर पाहिलं. "माझ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय, ताई. 'ध्वनी ताईंचे.' तुम्ही आलेखापुढे काही वाचलंच नाहीत का?"

सरांनी पान पुढे सरकवलं. लिहिलेलं होतं.

"मग माझा आलेख टेकडीसारखा का?" ताईंचा आवाज चढला. "आवाज तेच ना?"

नवी म्हणाली, "कारण तुम्ही सगळ्यांची सरासरी काढलीत. एखाद्याचा कडा चौथ्या पायरीशी असतो, दुसऱ्याचा सहाव्या. एकत्र केलं की उतार होतो. दारावरचा तो एकाच माणसाचा आहे. मी सगळ्यांचे वेगवेगळे काढलेत."

"मला तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्याशी बोलता कुठे?"

सर खाकरले. मुलांची चाचणी एकेकाचीच घ्यायची असते, म्हणाले. नवी चालवेल. आवाज ताईंचे राहतील.

ताई जागेवर परतल्या. कपाटातून त्यांनी जुनी उत्तरं काढली आणि माणूसवार मांडली. कडा. कडा. पुन्हा कडा. सगळे त्यांच्याच कपाटात होते आणि ते उघडून दाखवायला ही पोरगी लागली, याचाच त्यांना सगळ्यांत जास्त राग आला.

संध्याकाळी नवी पर्स घेऊन निघाली तेव्हा ताई दारात उभ्या होत्या.

"काल तुझ्या खोलीत एका बाईने चाचणी दिली. उत्तरं मशीनवर आहेत."

"कोणत्या बाईने?"

"मी." ताईंनी चष्मा पुसला. "माझी रेघ वेगळी काढ. कोणाच्यात मिसळू नकोस."