बँडमास्तरांच्या चोरून खाल्लेल्या गोळ्या

आमच्या बँडमास्तरांसारखा ट्रम्पेट मी पुन्हा ऐकला नाही, आणि तसा नटवा माणूसही पुन्हा पाहिला नाही. साठी उलटली तरी मिशीला कलप. त्यांच्या शेजारी मी हयातभर ढोल बडवला, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

बँड मोडून वर्षं लोटल्यावर जुन्या मंडळींनी एकदा पुन्हा वाजवायचं ठरवलं. तोवर मास्तरांचं पोट चांगलंच सुटलेलं. ते भराभर उतरू लागलं. "रोज चालतो," असं बागेतल्या बाकावर बसून ते आम्हा ढेरपोट्यांना सांगत. किती चालत, ते त्या बाकालाच ठाऊक. तालमीच्या आधी मात्र उपाशीपोटी गुपचूप गोळ्या गिळताना मी त्यांना पकडलं होतं.

"हिरव्या चहाचा अर्क आहे रे, झाडपाला. कुठं बोलू नकोस."

मग भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली आणि डोळे पिवळेधमक. मी आणि त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, त्यांना दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासण्यांत यकृताला जबर सूज दिसली. काविळीचे नेहमीचे विषाणू काही सापडेनात.

"काही औषधं, गोळ्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे."

"दारू?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "घेतो कधीमधी."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. चालण्यावर एवढी प्रवचनं झोडलेला माणूस, गोळ्या कबूल करण्यापेक्षा दारुडा ठरायला तयार!

"मास्तर, उभ्या जन्मात थेंब घेतला नाहीत तुम्ही," मी म्हणालो. "गोळ्यांचं सांगा."

"तू गप्प बस."

गप्प बसणं मला कधी जमलंय? सगळं सांगून टाकलं.

"कपातल्या चहाची गोष्ट वेगळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळीत त्याचा अर्क दाटून भरलेला असतो. बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याचं यकृत बिघडतं, क्वचित निकामीही होतं. उपाशीपोटी धोका जास्त. तुमचं रक्त गोठायला वेळ लागतोय, म्हणून इथंच राहायचं. त्या गोळ्या आजपासून बंद, पुन्हा कधीच नाही."

"म्हणजे पीत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "नुसतेच मूर्ख आहेत."

ते काही दिवस वाईट गेले. मोठ्या रुग्णालयात हलवायचं बोलणंही झालं. मग रक्त सुधारू लागलं. कावीळ उतरायला मात्र काही आठवडे लागले. कार्यक्रम आम्ही मास्तरांविनाच वाजवला, आणि वाईट वाजवला.

बरे झाल्यावर मास्तर खरंच चालायला लागले, मला सोबत घेऊन. काय दिवस होते ते! दर थोड्या अंतरावर थांबायचे, दम लागला म्हणून नव्हे, तर भेटेल त्याला आपल्या काविळीची कहाणी ऐकवायला, आणि असल्या गोळ्या घरात असतील तर डॉक्टरांना दाखवा म्हणून बजावायला. फक्त दारूचा भाग ते दरवेळी गाळत, आणि दरवेळी तो मी घालत असे.