खाडाखोडीची वही

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला सगळे भिंगताई म्हणत. एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई, नाव पडायचंच.

नवे विभागप्रमुख आले आणि तिचं गणित बिघडलं. ते सगळ्यांदेखत म्हणायचे, "डोळे गेलेत तुमचे, घरी बसा." ड्यूटी बदलायची, पण तिला कोणी कळवायचं नाही. तिच्या स्लाइड्स दुसऱ्यांकडून पुन्हा तपासल्या जायच्या आणि बरोबर निघाल्या की कुणी चकार शब्द काढत नसे. हा छळ, की खरंच आपले डोळे गेले? तिला काही केल्या उमगेना.

म्हणून घडेल ते टिपायला तिने वही केली. पण बाई पडली टापटिपीची! रोज संध्याकाळी जुनी पानं फाडून सगळं सुवाच्य उतरवायची. प्रत्येक वेळी तेच शब्द पुन्हा कानांवर पडायचे. झोप उडाली, जेवण जाईना. एकाच स्लाइडवरच्या पेशी तीनदा मोजल्या आणि तीन वेगळे आकडे आले, तेव्हा तिने राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

थोरल्या बहिणीने तो पाहिला. "आधी माझ्याबरोबर चल, मग खुशाल दे," म्हणत तिने तिला शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं.

बाईंनी वही चाळून विचारलं, "लॅबच्या रजिस्टरमध्ये चूक झाली तर काय करता?"

"एक रेघ मारायची, सही, तारीख. पान फाडायचं नाही."

"मग इथे का फाडलंत?"

एकोणीस वर्षं पाळलेला नियम आपण घरी विसरलो, याची भिंगताईला मनापासून लाज वाटली.

"जे गेलं त्यातलं आठवेल ते लिहा, पण 'आज आठवून लिहिलं' अशी नोंदही करा," बाई म्हणाल्या. "यापुढे त्याच दिवशी, एकदाच. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. ते तसे का वागले, याचे तर्क नकोत. पेशंटची नावं नकोत. मग वही मिटायची. लक्षात ठेवायचं काम तिचं. आणि झोपेसाठी डॉक्टरांना भेटा."

"पण मीच चुकत असेन तर?"

"वही तेही दाखवेल."

वही बहिणीकडे राहू लागली. भिंगताई जायची, दहा मिनिटं लिहायची, जेवायची. दोन महिन्यांनी तिची लेखी तक्रार हॉस्पिटलच्या वरिष्ठांकडे गेली. रक्त काढणारा म्हातारा सहकारी आपणहून म्हणाला, "ताई, साहेब तुम्हाला बोलले त्या दिवशी मी तिथेच होतो. सांगेन."

चौकशी समितीसमोर तिला विचारलं, "वीस तारखेला ते नेमकं काय म्हणाले?"

ती बोलायला गेली आणि गोंधळली. एरवी ज्या शब्दांनी तिला रात्र रात्र जागवलं असतं, त्यांतला एकही आठवेना. तिने पर्स उघडली. बहिणीकडून आणलेल्या वहीखाली राजीनामा अजून तसाच घडी घातलेला होता.

"वाचून सांगते," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

आणि रडू का येतंय हेही तिला कळलं नाही.