हिरव्या ठिपक्यांचा हिशेब

टीव्हीचे नवे कारखाने नोएडात धडाधड उघडत होते तेव्हाची गोष्ट. मी दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या वडिलांच्या सरकारी क्वार्टरमधून चार्टर्ड बसने तिकडे जायची. प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात ते मोजणं ही माझी नोकरी. आमचे प्लांट मॅनेजर पुण्याचे. ते एकदा कुठल्याशा ट्रेनिंगला गेले आणि एक टक्का घेऊन परत आले. तेव्हापासून माझं डोकं उठलं ते उठलंच.

मीटिंगमध्ये त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं. शंभरात रोज एक मिळवत गेलं तर वर्षाअखेर चारशे पासष्ट होतात. पण आजचा एक टक्का कालच्या वाढलेल्या आकड्यावर धरला, तर होतात तीन हजार सातशेच्या वर. "सदतीस पट! बिल्कुल साधं गणित आहे यार," ते म्हणाले. गणित बरोबरच होतं, आणि वैताग त्याचाच होता. चुकीच्या गणिताशी भांडता तरी येतं.

दुसऱ्या दिवशी लाइनवर प्रत्येकीच्या नावाचा तक्ता लागला. कालच्यापेक्षा एक टक्का कमी वेळात काम केलं तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. महिन्याच्या शेवटी ठिपके मोजायचे आणि कंत्राटी मुलींपैकी एकीला पक्कं करायचं.

टीव्हीचं मागचं झाकण बसवायला दोघी होत्या, शेजारी शेजारी. झाकण उचलायचं, बसवायचं, सहा स्क्रू मारायचे. दोघींनाही शंभर सेकंद लागत, कारण प्रत्येक वेळी मागे वळून खोक्यातून स्क्रू घ्यावे लागत. त्यातली एक गाझियाबादहून यायची. घरात कमावणारी ती एकटीच. पक्की झाली तर धाकट्या बहिणीची शाळा सुटणार नव्हती, हे सगळ्या लाइनला माहीत होतं. तिने पहिल्याच दिवशी स्क्रूचा ट्रे हाताशी तिरका टांगला. शंभराचे ऐंशी सेकंद झाले. मी दोनदा मोजलं आणि मनापासून खूश झाले.

तिला हिरवा ठिपका मिळाला. एकच.

दुसऱ्या दिवसापासून तिचा एक टक्का ऐंशीवर धरला गेला. तिने आणखी थोडे सेकंद खेचून शहात्तर गाठले, पाच हिरवे ठिपके कमावले आणि तिथे अडकली. अडकणारच. झाकण तेवढंच जड होतं, स्क्रू सहाच होते आणि स्क्रू फिरायला लागेल तेवढा वेळ लागतोच. ट्रे जवळ आणण्याची युक्ती एकदाच करता येते. ती रोज नव्याने कुठून आणायची?

शेजारणीने तिचं पाहून आपलंही खोकं पुढे आणलं, पण रोज थोडं थोडं. रोज सेकंदभराची बचत, रोज हिरवा ठिपका. तिला मी दोष देत नाही. नियम तिला साहेबांपेक्षा चांगला कळला होता.

मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुमचाच एक टक्का उलटा धरा. शंभर सेकंदांतून रोज एक टक्का कमी केला तर सत्तर दिवसांत निम्मे होतात आणि वर्षात अडीच. अडीच सेकंदांत सहा स्क्रू कोण मारणार?"

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता," ते म्हणाले. "बँकेतली रक्कम वाढतेच ना?"

"बँकेत व्याजावर व्याज चढतं, सर. इथे वाचवलेला सेकंद उद्याचा सेकंद वाचवत नाही. रोज थोडं शिकलेलं पुढच्या शिकण्याला उपयोगी पडतं, हे मलाही मान्य आहे. पण हात हातच राहतात. निदान शेवटी कोण किती वेळात काम करतं ते तरी बघा."

"सिस्टीम सगळ्यांना सारखी," असं म्हणून त्यांनी फोन उचलला. मला त्या फोनच्या वायरीने काहीतरी करावंसं वाटलं.

महिना संपला तेव्हा गाझियाबादवाली शहात्तर सेकंदांवर होती, शेजारीण ऐंशीवर. पक्की झाली शेजारीण. हिच्या कंत्राटाची मुदत वाढवलीच नाही. मग साहेबांनी हिच्यासारखा तिरका ट्रे चारही लाइनींवर लावून घेतला आणि त्याचा फोटो 'एक टक्क्याची कमाल' असं लिहून गेटपाशी टांगला.

जायच्या दिवशी ती त्या फोटोपाशी थांबली होती. मी जवळ गेले. म्हटलं, "तुम्हारा काम सबसे अच्छा था."

"पता है, मैडम," ती म्हणाली. "बस इतना किसी ने नहीं बताया कि थोड़ा-थोड़ा करके देना था."