बेल्टचा बीप

नवी गाडी घेऊन आठवडाच झाला होता. शाळेचा बाकीचा संघ बसने पुढे गेला होता; उरलेल्या तीन मुलींना मी कबड्डीच्या सामन्यासाठी मोखाड्याहून जव्हारला नेत होते. वाटेत चहाला थांबलो, तेव्हा मागच्या मुलींच्या पायांशी अडचण करणारी किटची जड बॅग मी पुढच्या सीटवर ठेवली. निघालो आणि बीप-बीप सुरू झालं. वेग वाढला तशी बीपची घाई वाढली.

"बाई, गाडी पेटणार का?" एकीने विचारलं. मी गाडी कडेला घेऊन जव्हारच्या ओळखीच्या मेकॅनिकचाचांना फोन लावला.

"उभी केल्यावर आवाज बंद झाला?"

"हो."

"म्हणजे चालतानाच वाजतो. मग पार्किंग सेन्सरचा नाही, तो रिव्हर्स टाकल्यावरच वाजतो. हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना? दारं नीट लागलीत?"

"सगळं ठीक आहे, चाचा."

"आता समोर बघ, कोणता दिवा लाल आहे?"

घाबरून मी दिव्यांकडे बघितलंच नव्हतं. पट्टा लावलेल्या माणसाचं चित्र तिथे लाल दिसत होतं.

"पण आम्ही सगळ्यांनी बेल्ट लावलाय!"

"बाजूच्या सीटवर काय ठेवलंय?"

"बॅग... अरे देवा!"

चाचा खदखदून हसले. "सीटला वजन कळतं, माणूस कळत नाही!"

बॅग डिकीत टाकली. गाडीने वेग घेतला तरी आवाज नाही, तेव्हा मुलींनी एवढी आरोळी ठोकली की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. मैदानावर पोहोचलो, तेव्हा आमच्याच संघाचं नाव पुकारत होते.